डूमस्क्रोलिंग : बातमी सापडल्यावरही न थांबणारे बोट

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ च्या २३ जूनची रात्र आमच्या घरातले कुणी विसरणार नाही. त्या रात्री आपल्याकडे दहाच्या सुमारास इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी हवाई तळावर क्षेपणास्त्रे सोडली. हा तळ दोहा शहरापासून फार लांब नाही, आणि माझा मोठा भाऊ दोहामध्ये इलेक्ट्रिशियन आहे. पुसदच्या आमच्या घरात अम्मी, भाभी आणि नववीतली भाची असतात. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. बातमी कळताच मी धावत तिथे गेले.

अकरा वाजायच्या आत भाईजानचा फोन आला. "आम्ही सगळे खोलीवर आहोत. आवाज झाला, खिडक्या हलल्या, पण आमच्याकडे कुणाला काही झालेले नाही." अम्मीने दोन्ही हात उचलून अल्लाहचे आभार मानले आणि थोड्या वेळाने ती झोपली. मी घरी आले. भाभी मात्र झोपली नाही. फजरला मी फोन केला तेव्हा तिने पहिल्याच रिंगला उचलला, कारण फोन तिच्या हातातच होता. रात्रभर ती क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ, बंद पडलेली विमानतळे, जमिनीवर उभी राहिलेली विमाने आणि तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांचे अंदाज पाहत होती. पहाटे साडेतीनच्या सुमारास युद्धविरामाच्या घोषणेची बातमी आली, तीही तिने पाहिली. त्यानंतरही ती पाहतच राहिली.

मला विचार करायला लावले ते या शेवटच्या गोष्टीने. नवरा सुखरूप असल्याचे तिला अकरालाच कळले होते. तिला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, ते मिळाले होते. मग पुढचे पाच तास ती काय शोधत होती?

यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे, डूमस्क्रोलिंग. हल्ली तो आपल्या वर्तमानपत्रांत, मुलांच्या बोलण्यात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यातही येतो. पण तो इतका सैल वापरला जातो की 'मोबाईल फार पाहणे' एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. भाषा शिकवणे हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे मला वाटते की या शब्दाचा नेमका अर्थ समजून घेतला तर झोपेच्या तक्रारीवरचा नेमका उपायही सापडतो. अर्थ चुकला तर उपायही चुकतो.

शब्द कुठून आला

'स्क्रोल' म्हणजे जुन्या काळची कागदाची किंवा कातड्याची गुंडाळी. ती एका बाजूने उलगडत आणि दुसऱ्या बाजूने गुंडाळत वाचायची. पडद्यावरचा मजकूर बोटाने वर सरकवण्याला हाच शब्द मिळाला.

'डूम' हा इंग्रजीतला फार जुना शब्द आहे. आज त्याचा अर्थ सर्वनाश असा होतो, पण मुळात तो होता निवाडा, न्यायाधीशाने दिलेला फैसला. 'डूम्सडे' म्हणजे फैसल्याचा दिवस, ज्याला आपण कयामतचा दिवस म्हणतो. त्या दिवसाच्या धास्तीमुळे शब्दाचा अर्थ हळूहळू निवाड्याकडून नाशाकडे सरकला. म्हणजे डूमस्क्रोलिंगचे अक्षरशः भाषांतर करायचे तर 'कयामतची गुंडाळी उलगडत बसणे' असे होईल.

हा जोडशब्द ट्विटरवर २०१८ मध्ये दिसला होता, पण तो जगभर गेला २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात. कॅरेन हो नावाच्या पत्रकार त्या वेळी ट्विटरवर रोज रात्री लोकांना आठवण करून देत की आता डूमस्क्रोलिंग थांबवा, फोन ठेवा आणि झोपा. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाच्या समितीने वर्षाचा शब्द म्हणून याची निवड केली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशात त्याला जागा मिळाली. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. झोपेशी या शब्दाचा संबंध कुणी नंतर जोडलेला नाही. तो पसरला तोच रात्री झोपण्याच्या वेळी, झोपायला सांगण्यासाठी.

तेव्हाचे दिवस आपल्या जिल्ह्याला चांगले आठवतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात दुसऱ्या लाटेची सुरुवात अमरावती आणि यवतमाळच्या नावाने झाली. घरात बसून आपण सगळे रोजचे आकडे पाहत होतो, कुणाच्या घरी काय झाले ते व्हॉट्सॲपवर वाचत होतो. त्या वेळी आपल्याकडे या सवयीला नाव नव्हते. सवय मात्र होती.

शब्दात तीन गोष्टी आहेत

शब्दकोशांचा आधार घेतला तर डूमस्क्रोलिंग म्हणण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, जे पाहिले जाते ते वाईट, भयावह किंवा निराश करणारे असते. दुसरी, ते थोडेसे पाहून थांबत नाही, खूप वेळ चालते. तिसरी, पाहणाऱ्याला त्रास होत असूनही हात थांबत नाही. यातली एक जरी नसली तरी त्या गोष्टीला दुसरे काहीतरी म्हणावे लागेल.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये हेच तपासले. वाईट बातम्यांमागे असे सरकत राहणे ही सोशल मीडियाच्या साध्या सवयीपेक्षा वेगळी गोष्ट आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. ती वेगळी मोजता येते, आणि तिच्यात सतत सावध राहण्याची, 'काही तरी सुटेल' अशी भावना असते, असे त्यांना दिसले. आपल्या भाषेत सांगायचे तर हे करमणूक करणाऱ्याचे मन नसते, ते पहारेकऱ्याचे मन असते.

मी आमच्याच घरातली तीन माणसे घेऊन हा फरक सांगते.

भाची रात्री रील्स पाहते. विनोद, मेहंदीच्या नक्षी, मांजरींचे व्हिडिओ. वेळ जातो, झोप कमी होते, पण ती हसत असते. हा टाइमपास आहे. तो थांबवायला हवा, पण ते डूमस्क्रोलिंग नाही.

दुसरी मी. शाळा, स्वयंपाक, वह्या तपासणे, सगळे आटोपून अकरा वाजता मी आडवी होते आणि कपड्यांचे, पदार्थांचे व्हिडिओ पाहू लागते. झोप येत असते, तरी मी झोपत नाही, कारण अख्ख्या दिवसात माझी म्हणावी अशी तीच एक घटका असते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये या प्रकाराला झोपेची टाळाटाळ असे नाव दिले. कुठलेही बाहेरचे कारण नसताना, ठरवलेल्या वेळी माणूस झोपायला जात नाही, असा त्याचा अर्थ. यावरचा उपाय फोन लपवण्यात नाही, दिवसात अर्धा तास स्वतःसाठी काढण्यात आहे.

तिसरी भाभी. तिला मजा येत नव्हती, आणि तिला निवांत वेळही नको होता. तिला भीती वाटत होती आणि ती भीती घालवण्यासाठी ती आणखी भीतीदायक गोष्टी पाहत होती. डूमस्क्रोलिंग म्हणतात ते याला.

बाहेरून पाहिले तर आम्ही तिघी सारख्याच दिसतो. अंधार, पडदा, सरकणारे बोट. अम्मी तिघींनाही एकच वाक्य ऐकवते, "ठेवा तो मोबाईल!" पण तिघींचे दुखणे वेगळे आहे.

हात का थांबत नाही

पूर्वी बातमीला शेवट होता. वर्तमानपत्राचे शेवटचे पान यायचे. रेडिओवरचे बातमीपत्र काही मिनिटांत संपायचे आणि निवेदक तसे सांगायचा. कुणाला पुढे ऐकायचे असले तरी पुढे काही नसायचे. फोनवर हा शेवट काढून टाकलेला आहे. खाली गेले की नवा मजकूर आपोआप येत राहील अशी रचना एझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ मध्ये केली. पुढे या गोष्टीबद्दल त्यांनी स्वतः जाहीरपणे खंत व्यक्त केली. 'पुढचे पान' असे बटण असते तर ते दाबताना क्षणभर तरी मनात येते, की पुरे झाले का? तो क्षणच राहिला नाही.

दुसरे कारण आपल्या मनाचे आहे. धोक्याकडे लक्ष आधी जावे अशी माणसाची घडण आहे. शेतात काम करणारा माणूस फुलापेक्षा साप आधी पाहतो, आणि तेच बरोबर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात इंग्रजी बातम्यांच्या हजारो मथळ्यांची तुलना केली होती. मथळ्यात नकारात्मक शब्द एकेक वाढला की ती बातमी उघडण्याचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत होते. आकडा लहान वाटतो, पण ज्यांना तुमचे बोट पडद्यावर ठेवायचे आहे त्यांना तो पुरतो. तुम्ही एक स्फोट पाहिला की फोन तुम्हाला दुसरा दाखवतो. भाभीने त्या रात्री एकच स्फोट आठ वेगवेगळ्या मथळ्यांखाली पाहिला. तिला वाटत होते की आठ स्फोट झाले.

तिसरे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे 'वसवसा' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. वजू झाली की नाही, अशी शंका एखाद्याला येते. तो पुन्हा वजू करतो. पुन्हा शंका येते. जितक्या वेळा तो खात्री करायला जातो तितकी शंका घट्ट होते, कारण प्रत्येक फेरी मनाला सांगते की शंकेत तथ्य होते. आणि जाणकार अशा माणसाला आणखी एकदा वजू कर असे सांगत नाहीत, शंकेकडे लक्ष देऊ नकोस असे सांगतात. डूमस्क्रोलिंगची चाल अशीच आहे. भाईजान सुखरूप आहे हे कळले. मग 'पुन्हा हल्ला होईल का?' हा प्रश्न आला. याचे उत्तर कुणाच्याच फोनमध्ये नव्हते, कारण ते उद्याचे होते. जे उत्तर अस्तित्वातच नाही ते शोधायला बसले तर शोध संपणार कसा?

झोप नेमकी कशाने जाते

'मोबाईलच्या निळ्या प्रकाशाने झोप उडते' हे वाक्य आता सर्वांना पाठ आहे. त्यात तथ्य आहे, पण ते किती, हे पाहायला हवे. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बारा जणांवर एक प्रयोग केला. त्यांना काही रात्री झोपण्यापूर्वी चार तास प्रकाश देणाऱ्या पडद्यावर पुस्तक वाचायला लावले आणि काही रात्री कागदी पुस्तक. पडदा पूर्ण उजेडावर होता आणि खोली मंद प्रकाशाची होती. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोप लागायला सरासरी सुमारे दहा मिनिटे जास्त लागली, झोपेचे संप्रेरक कमी स्रवले आणि शरीराचे घड्याळही मागे पडले. म्हणजे परिणाम खरा आहे. पण चार तासांच्या वाचनानंतर झोप लागायला उशीर झाला तो दहा मिनिटांचा.

भाभीने कुणाच्या तरी सांगण्यावरून फोनला पिवळसर रंगाचा नाईट मोड लावला होता. त्याने तिला काडीचाही फरक पडला नाही. पडायचा कसा? तिची झोप दोन मार्गांनी जात होती. एक तर सरळ हिशेब होता, जे तास फोनमध्ये गेले ते झोपेतून वजा झाले. दुसरे, फोन ठेवल्यावरही मन पहाऱ्यावरच होते. छाती धडधडत असताना झोप येत नाही, मग पडदा निळा असो की पिवळा.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. डूमस्क्रोलिंग करणाऱ्यांना चिंता जास्त असते आणि झोप कमी असते, असे अनेक पाहण्यांत दिसते. पण चिंतेमुळे माणूस बातम्यांकडे जातो की बातम्यांमुळे चिंता वाढते, हे अशा पाहण्यांतून सुटे करता येत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना ढकलतात. म्हणून सगळा दोष फोनवर टाकून मोकळे होता येत नाही. भाभीची काळजी खरी होती. तिचा नवरा खरोखरच तिथे होता.

चार रकान्यांची वही

युद्धविराम झाला तरी आठवडाभर भाभीचे जागरण चालूच होते. भाची वर्गात पेंगते अशी तिच्या शाळेतून तक्रार आली, कारण आई-मुलगी एकाच खोलीत झोपतात. आईच्या फोनचा उजेड आणि तिचे सुस्कारे यांनी मुलीचीही झोप मोडत होती. मी ओरडले नाही. ओरडण्याने काय होते ते शिक्षकाला पुरते माहीत असते. मी तिला एक दोनशे पानी वही दिली आणि पहिल्या पानावर चार रकाने आखून दिले.

पहिला रकाना, फोन हातात कधी घेतला. दुसरा, काय पाहायचे होते. तिसरा, ते कधी मिळाले. चौथा, फोन कधी ठेवला. सात रात्री एवढेच लिहायचे. काही बदलायचे नाही, काही सोडायचे नाही.

त्या आठवड्यातल्या मंगळवारची ओळ मला पाठ आहे. घेतला सव्वादहाला. पाहायचे होते, दोहाची विमाने नेहमीसारखी सुरू आहेत का. मिळाले दहा पंचवीसला. ठेवला एक वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे गरजेची बातमी दहा मिनिटांत मिळाली आणि त्यानंतर दोन तास चाळीस मिनिटे फोन हातातच होता. ठेवल्यावर झोप लागली पावणेदोनच्या सुमारास. साडेचारला फजरसाठी उठली. नंतर साडेपाच ते साडेसहा डोळा लागला. एकूण झोप झाली पावणेचार तास. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी असे तज्ज्ञ सांगतात, आणि भाचीच्या वयाच्या मुलांना आठ ते दहा.

सात दिवसांनी तिने वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बाजी, तिसरा रकाना आणि चौथा रकाना यांच्यात सगळी गडबड आहे."

एखाद्या अभ्यासकाला पानभर लागले असते ते तिने एका वाक्यात सांगितले. पहिल्या रकान्यापासून तिसऱ्यापर्यंत ती बातमी घेत होती. परदेशात माणूस असलेल्या घराला बातमी घ्यावीच लागते, आणि त्याला डूमस्क्रोलिंग म्हणणे अन्याय होईल. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत जे चालले होते, ते डूमस्क्रोलिंग. काही रात्री तर दुसरा रकानाच कोरा होता. काहीही पाहायचे नव्हते, तरी फोन हातात होता.

रकान्यातून निघालेले उपाय

उपाय आम्ही वहीतूनच काढले. भाभीची खरी गरज एकच होती, भाईजानची खुशाली. त्याच्या आणि आपल्या वेळेत अडीच तासांचा फरक आहे. तो रोज तिथल्या सात वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेनऊला, आवाजाचा निरोप पाठवू लागला. कामावरून आलो, जेवतो आहे, सगळे ठीक आहे. अर्ध्या मिनिटाचा निरोप, पण त्याची वेळ ठरलेली. शोधाला आता शेवट मिळाला.

तरीही एक भीती उरली. रात्री काही झाले आणि फोन बंद असला तर? ही भीती खरी होती, म्हणून फोन बंद करायचा नाही असे ठरले. फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' नावाची सोय असते. त्यात ठरावीक नंबरांना सूट देता येते, म्हणजे त्यांचा फोन आला तरच घंटी वाजते. भाईजान आणि त्याच्या खोलीवरचा एक साथीदार, या दोघांचे नंबर त्यात घातले. दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या घरातल्याच एका नंबरवर ही सोय तपासून पाहावी, नाहीतर मनाची खात्री होत नाही. आम्ही तीनदा तपासली. फोन मग अम्मीच्या खोलीत, आवाज मोठा ठेवून, चार्जिंगला लावला. आता पहाऱ्याचे काम फोन करत होता, भाभीला जागण्याची गरज नव्हती.

तिसरी अडचण मला सुचलीच नव्हती. भाभी म्हणाली, "फजरचा गजर फोनमध्येच लागतो." आपल्या बहुतेक घरांत हेच कारण असते. फोन उशाशी येतो तो गजरासाठी, आणि एकदा उशाशी आला की हातात येतो. बाजारातून एक साधे गजराचे घड्याळ आणले. सगळ्या उपायांत खर्च झाला तो एवढाच.

पहिल्या दोन-तीन रात्री ती नुसती पडून राहिली. झोप येईना. झोपेच्या उपचारांत यासाठी जुना नियम आहे, अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतला. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणावर तळमळत राहू नये. उठावे, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांत करावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा, अशी शरीराची जी समजूत झालेली असते ती अशाने सुटत जाते. भाभी उठून तस्बीह घेऊन बसायची, कधी सकाळची भाजी निवडायची. घड्याळाकडे मात्र पाहायचे नाही, कारण किती वाजले ते मोजणे हादेखील पहाराच आहे.

तिसऱ्या आठवड्यातली वही अशी होती. फोन ठेवला दहा चाळीसला, झोप लागली अकरा वीसच्या आसपास, उठली साडेचारला, पहाटे पुन्हा तासभर झोप. एकूण सहा तास दहा मिनिटे. अजून सात नाहीत. आणि त्याच आठवड्यात दोन रात्री ती अम्मीच्या खोलीतून फोन घेऊन आली होती. तेही तिने वहीत प्रामाणिकपणे लिहिले होते.

बान्सीचा ठराव

हे सारे चालू असताना मला आमच्याच तालुक्यातले बान्सी गाव आठवत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव केला. मोडणाऱ्याला दोनशे रुपये दंड. कोरोनात ऑनलाइन शिकण्यासाठी मुलांच्या हाती फोन आले, आणि शाळा उघडल्यावर ते हातातून सुटेनात, हे त्यामागचे कारण होते. देशभर त्याची बातमी झाली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे.

दोन्ही गावांबद्दल मला आदर आहे. त्यांनी निदान पाऊल उचलले. पण डूमस्क्रोलिंगचा नेमका अर्थ हाती धरून पाहिले तर दिसते की दोन्ही उपाय त्याच्यासाठी नाहीत. बान्सीचा ठराव मुलांसाठी आहे, आणि वाईट बातम्यांमागे जागणारे घराघरांत बहुधा आई-बाप असतात. वडगावचा भोंगा मोठ्यांनाही लागू आहे, पण तो साडेआठला संपतो, आणि हा प्रकार दहानंतर सुरू होतो. मुलांच्या हातून फोन काढून घेणारा बाप रात्री एक वाजता त्याच खोलीत कापसाचे पडलेले भाव, कुठल्या शहरातला दंगा, कुठल्या देशातले युद्ध पाहत असेल, तर त्याला कुठल्याही ठरावाचा दंड होत नाही. दंड भरते त्याच्या शेजारी झोपलेले लेकरू, दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगून. मी वर्गात रोज अशी दोन-तीन मुले पाहते, आणि आता 'रात्री मोबाईल पाहत होतास का?' असे विचारत नाही. 'घरात कोण जागे होते?' असे विचारते.

मराठीत काय म्हणावे

शाळेत मी नववीच्या मुलांना या शब्दाला मराठी प्रतिशब्द सुचवायला सांगितला. कुणी 'बातमीवेड' म्हणाले, कुणी 'भयवाचन'. एका मुलीने लिहिले 'चाळा', आणि कारणही दिले. आपण पुस्तकाची पाने चाळतो, तसा फोन चाळतो. आणि नखे खाणे, केसाची बट गुंडाळणे, या हाताला लागलेल्या निरर्थक सवयीलाही आपण चाळाच म्हणतो. मला तो शब्द आवडला. 'वाईट बातम्यांचा चाळा' म्हटले की अम्मीलाही लगेच कळते, डूमस्क्रोलिंग म्हटले तर कळत नाही.

आपल्या घरात असा चाळा आहे का, हे पाहायचे असेल तर एक वही पुरे. सात रात्री चार रकाने भरा. तिसरा आणि चौथा रकाना जवळजवळ असतील तर तुम्ही बातम्या पाहता, काळजीचे कारण नाही. अंतर मोठे असेल आणि पाहताना हसू येत असेल, तर तो टाइमपास आहे. अंतर मोठे असेल आणि फोन ठेवताना मन घेतानापेक्षा जड असेल, तर तो चाळा आहे. आणि फोन दूर ठेवूनही काही आठवडे झोप येत नसेल, छातीत धडधड होत असेल, दिवसाही कशात मन लागत नसेल, तर ते दुखणे फोनच्या पलीकडचे आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यात संकोच करू नये.

भाभीची वही आता बंद पडली आहे, पण घड्याळ रोज वाजते. परवा कुठल्याशा बातमीने घरात पुन्हा धाकधूक झाली. साडेनऊला भाईजानचा निरोप आला. भाभीने तो अम्मीला ऐकवला, भाचीला ऐकवला, आणि फोन अम्मीच्या खोलीत ठेवून आली. परत येताना मला म्हणाली, "मिळाले, बाजी. तिसरा रकाना भरला."